आधी चिन्हं, मग पट्टे

आपल्या स्टेट बोर्डाच्या मुलांची ऑप्टिक्समध्ये एक वेगळीच पंचाईत होते. आरसे, लेन्स आणि प्रिझम अकरावीत, तर इंटरफेरन्स आणि डिफ्रॅक्शन बारावीत, अशी पुस्तकांनी वाटणी करून टाकली आहे. सीबीएसईच्या मुलांना दोन्ही धडे बारावीच्याच पुस्तकात एकापाठोपाठ एक मिळतात. आमच्याकडे मधे अख्खं वर्ष जातं. बारावी बोर्डाच्या पेपरात लेन्सचा प्रश्न येत नाही, त्यामुळे कोणी तिकडे फिरकतही नाही. मग सीईटी आणि नीट जवळ आली की पळापळ सुरू होते. सीईटीच्या भौतिकशास्त्रातल्या ५० प्रश्नांपैकी दहाएक अकरावीवरचे असतात आणि नीटला तर हे दोन्ही धडे हवेतच.

मी ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून दिवाळीनंतर भाची माझ्याकडे आली. हातात क्लासने दिलेला कागद होता: रे ऑप्टिक्स चार दिवस, वेव्ह ऑप्टिक्स चार दिवस, रिव्हिजन दोन दिवस. असे कागद दरवर्षी बघते मी. त्यात मायक्रोस्कोप आणि साइन कन्व्हेन्शन यांना सारखाच वेळ असतो. म्हणजे तो कागद करणाऱ्याने धड्यातली पानं मोजली, मुलं कुठे अडतात ते मोजलं नाही. मी तिला पाच आठवडे सांगितले. रोज एकच तास, पण पाचही आठवडे वेगवेगळ्या वजनाचे.

पहिल्या आठवड्यात कॅल्क्युलेशन बंद. फक्त आकृत्या काढायच्या, त्याही पुस्तकात न बघता. प्रकाश नेहमी डावीकडून उजवीकडे जाणार, म्हणून पानावर सगळ्यात आधी तो बाण काढायचा. सगळी अंतरं आरशाच्या ध्रुवापासून किंवा लेन्सच्या मध्यापासून मोजायची, प्रकाशाच्या दिशेने गेलो तर अधिक, उलट गेलो तर उणे. वस्तू पाच-सहा ठिकाणी सरकवायची आणि प्रत्येक वेळी प्रतिमा कुठल्या बाजूला, सुलटी की उलटी, मोठी की लहान, एवढं आकृतीवरून लिहून ठेवायचं. भाचीने दुसऱ्याच दिवशी तोंड वाकडं केलं. "मावशी, हे दहावीचं आहे गं. गणितं कधी?"

गणितं पुढच्या आठवड्यात. कारण या धड्यातले बहुतेक मार्क सूत्र न आल्याने जात नाहीत, चिन्ह दोनदा लावल्याने जातात. लेन्सचं सूत्र 1/v − 1/u = 1/f. यातला उणे हा सूत्राचा आहे. वस्तू डावीकडे ३० सेंमीवर आहे म्हणून u = −३० हा दुसरा उणे आहे. मुलं हे दोन उणे मनातल्या मनात जुळवून टाकतात आणि सरळ अधिक लिहितात. उत्तर बरोबर येतं, म्हणून सवय पक्की होते. पुढे कधी u खरोखरच अधिक असतो आणि तिथे हीच सवय नडते. त्याहून वाईट सवय म्हणजे जे काढायचंय त्यालाच आधी चिन्ह देणं: "प्रतिमा आभासी आहे, म्हणजे v उणे लिहू." मग सूत्राने दिलेलं चिन्ह आणि आपण दिलेलं चिन्ह एकमेकांना खातात. मी तिला नियम करून दिला: सूत्र अक्षरांत जसंच्या तसं लिहायचं, चिन्ह फक्त आकडा भरताना लावायचं, आणि जे माहीत नाही त्याला काहीही लावायचं नाही.

आकृत्यांचा उपयोग इथे होतो. २० सेंमी फोकल लेंग्थच्या अंतर्गोल लेन्ससमोर ३० सेंमीवर वस्तू ठेवली, तर १/v = −१/२० − १/३०, म्हणजे v = −१२ सेंमी. f चा उणे विसरला तर उत्तर +६० येतं, आणि नुसत्या आकड्याकडे बघून त्यात काही खटकत नाही. पण आठवडाभर आकृत्या काढलेल्या मुलीला माहीत असतं की खऱ्या वस्तूची अंतर्गोल लेन्समधली प्रतिमा वस्तूच्याच बाजूला आणि फोकसच्या आत पडते. बारा चालेल, साठ शक्यच नाही. पर्यायांमध्ये ६० हमखास असतो. पेपर काढणाऱ्यांनाही ही चूक पाठ असते.

दुसरा आठवडा लेन्सच्या जोड्यांचा. माझ्या मते अख्ख्या रे ऑप्टिक्समधला हाच सगळ्यात कसदार भाग. एक गणित मी तिच्याकडून पूर्ण करून घेतलं. २० सेंमीचा बहिर्गोल लेन्स, समोर ३० सेंमीवर वस्तू. पहिल्या लेन्समागे ४० सेंमीवर ३० सेंमी फोकल लेंग्थचा अंतर्गोल लेन्स. शेवटची प्रतिमा कुठे?

पहिली पायरी सोपी. १/v = १/२० − १/३० = १/६०, म्हणजे पहिला लेन्स किरणांना स्वतःपासून ६० सेंमीवर गोळा करायला निघाला आहे. पण ४० सेंमीवरच दुसरा लेन्स आडवा येतो. किरण अजून एकत्र आलेलेच नाहीत, ते दुसऱ्या लेन्सच्या पलीकडे २० सेंमीवर येणार होते. दुसऱ्या लेन्सची "वस्तू" ही त्याच्या उजवीकडे आहे, म्हणून u = +२०. भाचीने सवयीने −२० लिहिलं. तसं केलं की १/v = −१/३० − १/२०, v = −१२ येतं, म्हणजे आभासी प्रतिमा. दिसायला व्यवस्थित उत्तर.

मी म्हटलं, आकृतीत बघ. एकवटत निघालेल्या किरणांना हा लेन्स पांगवतोय. किती पांगवू शकेल? त्याची फोकल लेंग्थ ३० आहे. किरण बरोबर ३० सेंमी पलीकडे एकवटणार असते तर तो त्यांना अगदी समांतर करून सोडेल. त्याहून लांब एकवटणार असते तर ते पांगून जातील. इथे ते २०वरच एकवटणार आहेत, म्हणजे एकवटण्याचा जोर जास्त आहे. लेन्सला तो पुरता मोडता येणार नाही, फक्त गाठीचा बिंदू पुढे ढकलला जाईल. म्हणजे प्रतिमा खरी हवी आणि २०च्या पुढे हवी. आता +२० घालून बघितलं: १/v = −१/३० + १/२० = १/६०, v = +६०. मॅग्निफिकेशन पहिल्या लेन्सचं −२, दुसऱ्याचं +३, मिळून −६. प्रतिमा उलटी आणि सहापट.

यातली मधली समांतर किरणांची अवस्था मी तिला मुद्दाम लक्षात ठेवायला सांगितली. गॅलिलिओच्या पद्धतीच्या दुर्बिणीत डोळ्याकडचा अंतर्गोल लेन्स नेमका तसाच बसवलेला असतो. म्हणजे उपकरणांच्या भागातली एक आकृती इथेच फुकटात झाली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही बादलीत पाणी भरलं आणि भिंग घेऊन बसलो. बादलीच्या तळाशी एक रुपयाचं नाणं. तसंच दुसरं नाणं बाहेर ठेवून भिंग त्यापासून चार बोटांवर धरलं की आकडा छान मोठा दिसतो. तेच भिंग पूर्ण पाण्यात बुडवून तळाच्या नाण्यापासून तितक्याच अंतरावर धरलं की नाणं जेमतेम थोडं मोठं दिसतं. भिंग निकामी झाल्यासारखंच वाटतं. लेन्समेकरच्या सूत्रात हवेत (१.५ − १) म्हणजे ०.५ येतं. पाण्यात काचेचा पाण्याच्या तुलनेतला रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स १.५ भागिले १.३३, म्हणजे साधारण १.१२५, आणि त्यातून एक वजा केला की उरतात ०.१२५. पॉवर एक चतुर्थांश, फोकल लेंग्थ चौपट. २०चा लेन्स पाण्यात ८०चा होतो. आरशाचं मात्र पाण्यात काहीच बदलत नाही, कारण परावर्तनाच्या नियमात माध्यम येतच नाही. लेन्स आणि आरसा दोन्ही पाण्यात बुडवून विचारलेला प्रश्न दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे दिसतोच. प्रिझमला याच आठवड्यातले शेवटचे दोन दिवस पुरले. मिनिमम डेव्हिएशनला किरण आत पायाला समांतर जातो, हे आकृतीत पक्कं असलं की बाकी सूत्र आपोआप निघतं.

तिसऱ्या आठवड्यात मायक्रोस्कोप आणि टेलिस्कोपला दोन दिवस दिले, जास्त नाही. तिथे नवीन कल्पना कमी आणि लक्षात ठेवायच्या अवस्था जास्त: प्रतिमा अनंतावर की २५ सेंमीवर, एवढं प्रश्नात आधी शोधायचं. उरलेले दिवस मी पुलासाठी ठेवले होते. मुलं किरणांचा धडा बंद करतात, तरंगांचा उघडतात आणि दोन वेगळे विषय असल्यासारखी वागतात. म्हणून मी तिला विचारलं, लेन्समधून प्रतिमा पडतेच का?

"किरण वळतात म्हणून."

बरोबर, पण तरंगांच्या भाषेत सांग. वस्तूच्या एका बिंदूतून निघालेला प्रकाश लेन्सच्या मधून जाऊन प्रतिमेला पोचतो आणि काठावरूनही जाऊन पोचतो. काठावरची वाट लांबीने जास्त. पण बहिर्गोल लेन्स मधे जाड असतो आणि काचेत प्रकाश हळू जातो, म्हणून मधल्या आखूड वाटेवर त्याचा जास्त वेळ काचेत जातो. लेन्सचा आकार असा असतो की सगळ्या वाटांना सारखाच वेळ लागतो. सगळे तरंग एकाच तालात पोचतात, म्हणून तिथे उजेड एकवटतो. लेन्सची प्रतिमा म्हणजे पाथ डिफरन्स शून्य असलेली जागा, आणि अंतर मोजायचं ते नुसतं नाही, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सने गुणून. हे एकदा बसलं की पुढचा अख्खा धडा एकाच प्रश्नावर चालतो: दोन वाटांमधला फरक किती?

फरक पूर्ण λ तर उजेड, अर्धा λ तर अंधार, हे सगळ्यांना येतं. मधल्या जागा येत नाहीत. म्हणून इंटेन्सिटीसाठी आधी फरकाचा कोन करायचा: पूर्ण λ म्हणजे ३६० अंश. मग कमाल इंटेन्सिटीला त्या कोनाच्या निम्म्याच्या कोसाइनच्या वर्गाने गुणायचं. फरक λ/४ असेल तर कोन ९०, निम्मा ४५, इंटेन्सिटी कमालीच्या अर्धी. फरक λ/३ असेल तर कोन १२०, निम्मा ६०, इंटेन्सिटी एक चतुर्थांश. निम्मं करायला विसरलं की λ/४ला अंधार येतो. असं उत्तर आलं की लगेच मागे फिरायचं, कारण अंधार फक्त λ/२ला आणि त्याच्या विषम पटींना असतो.

चौथा आठवडा पूर्ण यंगच्या प्रयोगाचा. एकच मांडणी घ्यायची आणि तिचे हाल करायचे. λ ६०० नॅनोमीटर, दोन फटींमधलं अंतर १ मिमी, पडदा १ मीटरवर. फ्रिंज विड्थ λD/d, म्हणजे ०.६ मिमी. पहिल्या दिवशी भाचीचं उत्तर ०.६ मीटर आलं. सगळं मिमीत मांडलं होतं आणि उत्तरापुढे मात्र मीटर लिहिलं होतं. अर्ध्या मीटरहून मोठा एकेक पट्टा आला तर तो प्रयोग भिंतीवरच करावा लागेल! या गणितांत पट्टा जवळजवळ नेहमी मिमीच्या अंशात किंवा दोन-चार मिमीत येतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी एककांची निम्मी चूक पकडली जाते.

मग रोज एक बदल. सगळी मांडणी पाण्यात बुडवली: λ तीन चतुर्थांश होते, पट्टा ०.४५ मिमी होतो, मधला पट्टा जागेवरच. उगमाची फट थोडी वर सरकवली: पट्टे खाली सरकतात, रुंदी तीच. एक फट बंद केली: पट्टे गेले. दोन फटींपुढे वेगवेगळे बल्ब ठेवले: पट्टे नाहीत, कारण दोन बल्बांच्या तरंगांमध्ये टिकणारं नातं नसतं.

सगळ्यात जास्त वेळ काचेच्या पातळ पापुद्र्याला दिला. वरच्या फटीवर ६ मायक्रोमीटर जाडीचा, १.५ रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सचा पापुद्रा लावला. त्यामुळे त्या वाटेत (१.५ − १) गुणिले ६, म्हणजे ३ मायक्रोमीटरची भर पडली. मुलं इथे ९ मायक्रोमीटर लिहितात. पण काच येण्याआधी त्या जागी हवा होतीच, तिचे ६ वजा करायला हवेत. ३ मायक्रोमीटर म्हणजे बरोबर पाच λ. मधला पट्टा पाच पट्टे सरकला, म्हणजे ३ मिमी. कुठल्या बाजूला? वरच्या वाटेत भर पडलीय, ती भरून काढायला खालची वाट लांब हवी. खालच्या फटीपासून लांब म्हणजे वर. पट्टे पापुद्र्याच्या बाजूला जातात. हे पाठ करू नको, दर वेळी असंच काढ, म्हणून सांगितलं.

पाच हा आकडा मी मुद्दाम पूर्ण येईल असा घेतला होता. भाचीला विचारलं, पापुद्रा लावायच्या आधी आणि नंतर पडद्याचा फोटो काढला तर काय फरक दिसेल? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काहीच नाही ना? सगळे पट्टे सारखेच." अगदी बरोबर. एकरंगी प्रकाशात पाचवा पट्टा आणि मधला पट्टा ओळखायची सोय नसते. म्हणून मधला पट्टा शोधायला पांढरा प्रकाश लागतो. सगळ्या रंगांचा फरक एकाच जागी शून्य होतो, तिथे पांढरा पट्टा आणि दोन्ही बाजूंना रंगीत कडा. "व्हाइट लाइट" असं प्रश्नात लिहिलेलं असतं, ते उगाच नसतं.

पाचव्या आठवड्याची सुरुवात दोन बॉलपेनांनी. पेनं शेजारी शेजारी डोळ्याजवळ धरायची, मधे केसाएवढी फट ठेवायची आणि लांबच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे बघायचं. दिवा आडवा पसरलेला आणि मधे मधे काळ्या रेघांनी चिरलेला दिसतो. पेनं आणखी दाबून फट अरुंद केली की उजेड आणखी पसरतो. (सूर्याकडे असं बघायचं नाही, हे सांगायला नको.) फट लहान तर पसारा मोठा, हे सिंगल स्लिटचं अर्धं गणित गच्चीवर उभ्या उभ्या झालं.

उरलेल्या अर्ध्यात एक सापळा आहे. यंगच्या प्रयोगात d sin θ = nλ ला उजेड. एका फटीत a sin θ = nλ ला अंधार. सूत्र तेच, अर्थ उलटा. भाचीने वहीत लाल पेनाने चौकट करून ठेवली होती, पण चौकटी परीक्षेत पुसल्या जातात. कारण असं आहे: एका फटीत दोनच उगम नसतात, फटीचा प्रत्येक बिंदू उगम असतो. वरच्या आणि खालच्या कडेत फरक λ झाला, तर फटीचे मनातल्या मनात दोन अर्धे करा. वरच्या अर्ध्यातल्या प्रत्येक बिंदूला खालच्या अर्ध्यात, अर्ध्या फटीच्या अंतरावर, एक जोडीदार मिळतो, आणि त्या दोघांतला फरक असतो λ/२. जोडी जोडीने सगळे एकमेकांना मिटवतात आणि उरतो अंधार. यंगच्या प्रयोगात उगम दोनच, त्यांच्यातला फरक λ, म्हणून ते जोडीने वाढतात. आकडे बघायचे तर ०.१ मिमीची फट, ६०० नॅनोमीटर, पडदा १ मीटरवर: पहिला अंधार मध्यापासून ६ मिमीवर, मधला पट्टा एकूण १२ मिमी रुंद. प्रश्नात "रुंदी" म्हटलंय की "मध्यापासून अंतर", हे बघितलं नाही तर उत्तर दुप्पट नाहीतर निम्मं.

रिझॉल्व्हिंग पॉवरला मी नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण घेतली; तिची सहल झालेली होती, तबकड्या बघून झाल्या होत्या. एक तबकडी ४५ मीटरची. पण २१ सेंमीच्या रेडिओ तरंगांना 1.22λ/D लावलं तर कोन येतो साधारण ०.३३ अंश. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे एवढी थोरली तबकडी चंद्राच्या दोन तृतीयांश भागाखालचं काही वेगळं ओळखू शकत नाही. म्हणून अशा ३० तबकड्या २५ किलोमीटरपर्यंत पसरून एकत्र वापरतात. तेव्हा D च्या जागी २५ किलोमीटर येतात आणि कोन दोनेक आर्कसेकंदांपर्यंत उतरतो. नुसती D मोठी असून भागत नाही, λ शी तिचं प्रमाण काय ते बघायचं.

पोलरायझेशनला दीड दिवस. त्यात एकच अडसर: साधा प्रकाश पहिल्या पोलरॉइडमधून गेला की कुठल्याही कोनाला निम्मा होतो, मॅलसचा नियम दुसऱ्यापासून सुरू होतो. दोन पोलरॉइड ६० अंशांवर असतील तर उरतो एक अष्टमांश, एक चतुर्थांश नाही.

राहिलेले दिवस मिश्र प्रश्नांचे, दोन्ही धडे एकत्र करून. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच अक्षर लिहायचं: चि म्हणजे चिन्ह, ए म्हणजे एकक, क म्हणजे कल्पनाच चुकली. भाचीच्या पहिल्या पेपरात चि आणि ए यांचीच गर्दी होती, क थोडेच. ज्यांच्यापुढे क आहे तेवढ्याच भागाचं पुस्तक पुन्हा उघडायचं. चि असेल तर फक्त आकृती काढून तेच गणित पुन्हा. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. दोन लेन्सचं गणित, येत असलं तरी, दोन-तीन मिनिटं खातं. तेव्हा पहिल्या फेरीत त्याला खूण करून पुढे जायचं. परत येऊनही वेळ उरला नाही तर तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, आकृतीवरून खरी की आभासी एवढं ठरवून जुळणारा पर्याय भरायचा. नीटला चुकीचा एक मार्क जातो, तिथे आकृतीने चारातले दोन पर्याय तरी खोडले गेले असतील तरच हात लावायचा.